पाव भाजण्याआधीच जळणारं डिझेल

पहाटेचे तीन. तालुक्याच्या गावातल्या बेकरीत दिवा लागतो, कामगार डोळे चोळत येतो आणि सगळ्यात आधी रोटरी ओव्हनच्या बर्नरचं बटण दाबतो. पंख्याची घरघर सुरू होते, ज्योत पेटते, काट्यावर तापमान चढू लागतं. पलीकडच्या खोलीत ट्रेमध्ये लादी पावाचे गोळे फुगायला ठेवलेले असतात. जानेवारीचा गारठा आहे, त्यामुळे ते अजून निम्मेच वर आलेत. पावणेचारला ओव्हन तयार होतो आणि गोळे तयार होतात साडेचारला. मधली पाऊण तास ट्रॉली बाहेर आणि ज्योत आत. तेवढ्या वेळात जे डिझेल जळतं, त्याचा एकही पाव होत नाही.

बेकरीचा मालक महागाईबद्दल बोलतो तेव्हा डिझेलचा दर बोलतो, मैद्याचा दर बोलतो. या पाऊण तासाबद्दल सहसा कोणी बोलत नाही, कारण तो कुठल्याच बिलावर छापून येत नाही. पण छोट्या बेकरीचा इंधनखर्च कमी करायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागते, आणि त्यासाठी पहिली खरेदी वहीची.

चार रकान्यांची वही

वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या: तारीख, किती किलो मैदा वापरला, किती लिटर डिझेल गेलं आणि बर्नर किती वाजता चालू-बंद झाला. डिझेल मोजायला टाकीत बुडवायची खुणांची पट्टी पुरते. मैदा तर पोत्यावरच मोजलेला असतो. तीन-चार आठवडे हे इमानाने लिहिलं की वही बोलू लागते.

हिशेबासाठी एक बेकरी धरू. सोमवारी विक्री कमी, म्हणून १०० किलो मैदा लागतो आणि २० लिटर डिझेल जातं. शनिवारी मैदा २०० किलो आणि डिझेल ३० लिटर. मालक भागाकार करतो. सोमवारी किलोमागे २०० मिली, शनिवारी १५० मिली. त्याला वाटतं, शनिवारी कामगार नीट काम करतात.

कामगार दोन्ही दिवशी तेच आहेत. भागाकाराऐवजी वजाबाकी केली तर खरी गोष्ट दिसते. शनिवारी १०० किलो मैदा जास्त भाजला आणि त्यासाठी १० लिटर डिझेल जास्त लागलं. म्हणजे १०० किलो मैदा भाजण्याचं डिझेल १० लिटर. मग सोमवारी २० का गेलं? कारण उरलेले १० लिटर पावासाठी गेलेच नाहीत. ते ओव्हन तापवण्यात आणि तापलेला ठेवण्यात गेले. शनिवारच्या ३० लिटरमध्येही हेच १० लिटर लपलेले आहेत. मैदा कितीही असो, ते रोज जातातच.

ऊर्जेचा हिशेब ठेवणारे लोक हेच आलेखावर करतात. आडव्या रेषेवर मैदा, उभ्या रेषेवर डिझेल, आणि रोजचा एक ठिपका. ठिपक्यांमधून जाणारी रेघ शून्यातून निघत नाही, वरून कुठून तरी निघते. ती जिथून निघते तो आकडा म्हणजे बेकरीचं रिकामं जळण. फक्त दोन दिवसांवरून निष्कर्ष काढू नये, आणि ज्या दिवशी टोस्ट जास्त असेल तो दिवस वेगळ्या रंगाने मांडावा, कारण टोस्ट दोनदा भाजला जातो.

खुद्द पिठाला किती उष्णता लागते, हेही पाहण्यासारखं आहे. १०० किलो मैद्याचं पाणी वगैरे घालून साधारण १६५ किलो पीठ होतं. ते ३० अंशांवरून ९७ अंशांपर्यंत तापवायचं आणि त्यातलं दहा टक्के वजन वाफ करून उडवायचं, यासाठी सुमारे १६ हजार किलोकॅलरी पुरतात. एक लिटर डिझेल साडेआठ हजारांच्या आसपास देतं. म्हणजे सोमवारच्या २० लिटरपैकी पावाच्या पोटात गेलं जेमतेम २ लिटर. बाकीचं ट्रे आणि ट्रॉली तापवण्यात, भिंतींतून, चिमणीतून, दार उघडताना आणि वाट पाहण्यात गेलं. त्यातलं सगळं वाचवता येत नाही. पण कुठलं वाचतं आणि कुठलं नाही, हे ओळखता येतं.

भट्टीची सवय, ओव्हनचा तोटा

हे रिकामं जळण इतकं का होतं, याचं एक कारण सवयीत आहे. महाराष्ट्रातले बरेच बेकरीवाले लाकडाच्या भट्टीवर शिकले. गोव्यातले पोदेरही त्याच उष्णतेवर काम करतात. विटांच्या भट्टीचं शास्त्र वेगळं आहे. पाच टन विटा आणि माती २०० अंशांनी तापवायची तर दोन लाख किलोकॅलरी लागतात. म्हणजे सगळी उष्णता विटांतच गेली असं मानलं तरी पन्नास किलोहून जास्त कोरडं लाकूड. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट. म्हणून भट्टी थंड होऊ द्यायची नाही, तोंड झाकून ठेवायचं, सुट्टी शक्यतो टाळायची, हा जुना नियम अगदी बरोबर होता. एकदा विटांत भरलेली उष्णता तासन्‌तास परत मिळत राहते.

पत्र्याच्या रोटरी ओव्हनमध्ये अशी साठवण फारशी नसते. तो अर्ध्या-पाऊण तासात तापतो आणि तितक्याच सहज उष्णता सोडतो. रिकामा तापवून ठेवला तर बर्नर थांबून थांबून पेटत राहतो आणि ताशी दीड-दोन लिटर डिझेल नुसतं हवेत जातं. भट्टीवाल्याचा ‘आधी पेटव, मग बघू’ हा शहाणपणा इथे उलटा पडतो.

हा प्रश्न आता मुंबईत बऱ्याच जणांपुढे उभा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये हवेच्या प्रदूषणाच्या सुनावणीत लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. गॅस किंवा विजेचा ओव्हन आला तरी वेळापत्रक भट्टीचंच राहिलं, तर नव्या यंत्राचं बिल जुन्या सवयी भरायला लावतात.

एकदा पेटवा, उतरत्या उष्णतेने भाजा

आपल्या उदाहरणातल्या बेकरीचे ते १० लिटर उलगडू. ओव्हन दिवसातून दोनदा पेटतो: पहाटे पाव आणि ब्रेडसाठी, दुपारी खारी, नानकटाई आणि टोस्टसाठी. प्रत्येक वेळी तापायला ४० मिनिटं, पूर्ण ज्योतीला ताशी ६ लिटर, म्हणजे ४ लिटर. दोनदा मिळून ८. शिवाय दिवसभरात सुमारे तासभर ओव्हन ट्रॉलीची वाट पाहतो. त्याचे २ लिटर. झाले दहा.

दुपारचं पेटवणं टाळलं तर ४ लिटर थेट वाचतात. त्यासाठी माल उतरत्या तापमानाच्या क्रमाने लावायचा. लादी पावाला सगळ्यात कडक उष्णता लागते, २२० अंशांच्या पुढे. त्यामागून ब्रेड, मग खारी, मग १८० च्या खाली केक, १६०-१७० ला नानकटाई आणि शेवटी टोस्ट, ज्याला भाजण्यापेक्षा वाळवणंच जास्त असतं. हा क्रम उलटा केला, म्हणजे नानकटाईनंतर पाव घेतला, तर मधे ओव्हन पुन्हा वर चढवावा लागतो. क्रम बरोबर असेल तर प्रत्येक पायरीला ओव्हन स्वतःच थोडा उतरतो आणि बर्नरला विश्रांती मिळते. शेवटच्या टोस्टच्या ट्रॉलीसाठी तर ठरलेल्या वेळेच्या काही मिनिटं आधीच बर्नर बंद करता येतो. उरलेली उष्णता वाळवणीचं काम पूर्ण करते.

कागदावर हे सोपं आहे. बेकरीत अडचण टोस्टची येते. टोस्टचा ब्रेड भाजल्यावर लगेच कापता येत नाही, चुरा होतो. त्याला कित्येक तास गार व्हावं लागतं. म्हणून टोस्ट एक दिवस मागे ठेवायचा: आज ब्रेड भाजायचा, संध्याकाळी कापून ट्रेमध्ये लावून ठेवायचा आणि उद्या सकाळच्या शेवटच्या फेरीत वाळवायचा. खारीच्या पट्ट्या आदल्या संध्याकाळी लाटून थंड जागी ठेवाव्या लागतात. ट्रे जास्त लागतात, गार करायला जागा लागते आणि पहाटेच्या पाळीचे दोन तास वाढतात. ज्याच्याकडे ट्रेच पुरेसे नाहीत, त्याने आधी ट्रे घ्यावेत. इंधनबचतीच्या यादीत ट्रे कुठे छापलेले नसतात, पण इथे ती सगळ्यात स्वस्त वस्तू आहे.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. काही गावांत संध्याकाळी गरम पाव घ्यायला रांग लागते. तिथे दुसरं पेटवणं बंद करावं का? त्याचाही हिशेब आहे. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर ४ लिटरचे ३६० रुपये. संध्याकाळच्या पावातून मैदा, मजुरी वजा जाता त्याहून जास्त उरत असतील तर पेटवावा आणि मग त्याच फेरीत खारी-नानकटाई घ्यावी. उरत नसतील तर ती रांग मालकाला परवडत नाही.

घड्याळापेक्षा पीठ खरं

आता सुरुवातीची ती पाऊण तास. ओव्हन रोज तीनला पेटतो, कारण उन्हाळ्यात ती वेळ बरोबर होती. मे महिन्यात पीठ झपाट्याने फुगतं, कधी कधी ओव्हनच मागे पडतो. जानेवारीत पुणे, नाशिककडे रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर उतरतो आणि यीस्ट सुस्तावतं. पीठ उशिरा तयार होतं, बर्नर मात्र घड्याळाप्रमाणे चालतो.

इथे दोन उपाय आहेत. पहिला फुकट आहे. ओव्हन पेटवण्याची वेळ घड्याळावरून न ठरवता पिठावरून ठरवायची. फुगत्या गोळ्यावर बोटाने हलकं दाबलं आणि खळगा लगेच भरून आला, तर अजून वेळ आहे. सावकाश आणि थोडासाच भरून आला, तर पीठ तयार होत आलं. ओव्हनला ४० मिनिटं लागतात आणि पिठाला अजून तासभर लागणार असं हाताला कळलं, तर बटण २० मिनिटांनी दाबायचं.

दुसरा उपाय पिठाचं तापमान रोज सारखं ठेवण्याचा. त्यासाठी पाण्याचं तापमान बदलायचं. जुनं सूत्र असं: पीठ जेवढं हवं त्याची तिप्पट करा, त्यातून मैद्याचं तापमान, खोलीचं तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने येणारी उष्णता वजा करा. पीठ २८ अंशांचं हवंय, मैदा १८ अंशांवर, खोली १६ अंशांवर आणि घर्षणाचे ६ अंश धरले, तर ८४ वजा ४० म्हणजे ४४ अंशांचं पाणी हवं. घर्षणाचा आकडा प्रत्येक मिक्सरचा वेगळा असतो. तो दोन-तीन घाण्यांत थर्मामीटर लावून कळतो. हे पाणी मैद्यावर घालायचं, थेट यीस्टवर नाही.

१०० किलो मैद्याचं ६० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला दीड हजार किलोकॅलरी लागतात, डिझेलच्या भाषेत पाव लिटरही नाही. त्याच्या बदल्यात ओव्हनची अर्ध्या-पाऊण तासाची वाट टळते, म्हणजे लिटरभर किंवा जास्त. वाट पाहण्याचे दोन लिटर निम्म्यावर आले आणि दुपारचं पेटवणं गेलं, की दिवसाला ५ लिटर वाचले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ११,७०० रुपये. यात एकही यंत्र विकत घेतलेलं नाही.

चिमणीवर थर्मामीटर

देखभालीतून मिळणारी बचत यापेक्षा लहान असते, पण ती न केल्यास नुकसान हळूहळू आणि नकळत वाढतं. काळा धूर दिसला की बर्नरवाल्याला बोलावलं जातं, कारण धूर डोळ्यांना दिसतो. हवा कमी पडली की काजळी धरते, हे सगळ्यांना ठाऊक. उलट, हवा जास्त झाली तर काहीच दिसत नाही. चिमणी स्वच्छ, मालक खूश, आणि गरजेपेक्षा जास्त हवा तापून चिमणीतून बाहेर. ही चूक फक्त धुराच्या तपासणी यंत्रातून प्राणवायूचं प्रमाण पाहून कळते. वर्षातून एक-दोनदा बर्नरची सर्व्हिसिंग करणाऱ्याकडे हे यंत्र आहे का, हे आधी विचारावं. नुसतं ज्योतीकडे पाहून हवा लावणारा माणूस अंदाजच करत असतो.

मालकाच्या हातात मात्र एक साधन रोज असू शकतं: चिमणीच्या बुडाशी बसवलेला साधा थर्मामीटर. सफाई आणि सर्व्हिसिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ओव्हन पूर्ण तापलेला असताना, त्याचा आकडा वहीत लिहायचा. तो ओव्हनचा निरोगी आकडा. उष्णता देणाऱ्या नळ्यांवर काजळी बसली की ती पांघरुणासारखं काम करते. उष्णता आत जात नाही, चिमणीतून जाते आणि आकडा चढतो. बॉयलरवाल्यांचा ठोकताळा असा की धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की सुमारे एक टक्का इंधन वाया. काटा ४०-५० अंशांनी वर गेला की सफाईचा दिवस ठरवावा.

दाराची रबरी पट्टी तपासायला यंत्रही नको. ओव्हन थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करायचं आणि कागद ओढायचा. सहज निघाला तर तिथून उष्णता निघते आहे. भिंतीला हाताचा मागचा भाग जवळ नेऊन पाहायचं. बऱ्याच जुन्या ओव्हनमध्ये आतलं रॉकवूल वर्षानुवर्षांच्या थरथरीने खाली बसलेलं असतं, म्हणून भिंतीचा वरचा भाग जास्त तापतो. असा ४ चौरस मीटरचा पट्टा ५० ऐवजी ८० अंशांवर असेल, तर पाच तासांच्या भाजणीत सुमारे लिटरभर डिझेल खोली तापवण्यात जातं. वरचा पत्रा काढून रॉकवूल पुन्हा भरणं हे एका दिवसाचं काम आहे.

एक खूण मात्र खर्चाची नाही, धोक्याची आहे. पावाला डिझेलचा वास आला किंवा पांढऱ्या ब्रेडवर काळे ठिपके दिसले, तर उष्णता देणाऱ्या पेटीला तडा गेलेला असू शकतो आणि जळका धूर भाजण्याच्या हवेत मिसळतो आहे. तेव्हा ओव्हन बंद करायचा, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

वीज: रात्रीची सवलत उलटली

डिझेलवर भाजणाऱ्या बेकरीत विजेचा वाटा लहान असतो. पाच हॉर्सपॉवरचा मिक्सर दिवसाला दोन तास चालला तर सात-साडेसात युनिट. बाकी ओव्हनचा पंखा, दिवे आणि चोवीस तास चालणारा डीप फ्रीझर. ओव्हनच विजेचा असेल तर मात्र चित्र पालटतं, कारण तेव्हा वीज कधी वापरली याला किंमत येते.

महाराष्ट्रात वेळेनुसार दर लागू असलेल्या ग्राहकांना वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत होती. रात्री राबणाऱ्या बेकरीला ती आयती मिळे. आता सौरऊर्जेमुळे दिवसा वीज मुबलक झाली आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी सूर्यप्रकाशाच्या तासांत नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी दर आणि मागणीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२० पट दर असं धोरण ठरवलं. स्वस्त तास रात्रीतून दिवसात सरकले. पहाटेचा पाव दिवसा भाजता येत नाही, पण टोस्ट वाळवणं, केक, नानकटाई हे सगळं दुपारी हलवता येतं. म्हणजे डिझेलच्या ओव्हनला ‘एकदाच पेटवा’ हा सल्ला, तर विजेच्या ओव्हनला तो आंधळेपणाने लागू नाही. तिथे पुन्हा तापवण्याची युनिटं आणि दुपारच्या दरातली सवलत यांची तुलना करावी लागते. नेमके तास आणि दर आपल्याच बिलावर छापलेले असतात, तिथूनच घ्यावेत.

बिलावर आणखी एक ओळ वाचण्यासारखी असते. २० किलोवॅटहून जास्त भार असलेल्या लघुदाब ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या एककात बिल देतं. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर १००० युनिट वापरूनही बिल १२५० चं येतं. मोटारींना जोडलेले कपॅसिटर हा फरक मिटवतात, आणि तेच फुगून किंवा जळून निकामी झाले तरी मिक्सर पूर्वीसारखाच फिरतो. म्हणून ते बिघडल्याचं यंत्रावरून कळत नाही, बिलावरूनच कळतं.

नवं यंत्र, सगळ्यात शेवटी

नवा ओव्हन घ्यायचा विचार आला की विक्रेता विचारतो, ‘किती ट्रेचा देऊ?’ आधी वही भरलेली असेल तर उत्तर बदलतं. दोन फेऱ्या जोडल्यावर आणि वाट पाहणं कमी झाल्यावर कळतं की ओव्हन मोठा हवा होता की वेळापत्रक आखीव. अर्धी भरलेली मोठी ट्रॉली पूर्ण भरलेल्या लहान ट्रॉलीपेक्षा महागात पडते, कारण भिंती, चिमणी आणि पंखा अर्धे होत नाहीत.

इंधनांची तुलना करतानाही किलो आणि लिटर बाजूला ठेवून सगळं एकाच मापात आणावं. एक लिटर डिझेलमध्ये विजेच्या साधारण १० युनिटइतकी उष्णता असते, एक किलो एलपीजीमध्ये पावणेतेरा, एक किलो कोरड्या लाकडात चार, आणि ओल्या लाकडात त्याच्या निम्मी. आपल्या गावातल्या दराला या आकड्याने भागायचं आणि मग ओव्हन त्यातली किती उष्णता खरोखर आत देतो, त्याने पुन्हा भागायचं. ९० रुपयांचं डिझेल ९ रुपये युनिट पडतं. बर्नर आणि चिमणीतून त्यातलं पाऊण भागच आत पोचत असेल तर १२ रुपये. विजेच्या ओव्हनमध्ये चिमणी नसल्याने जवळपास सगळी उष्णता आत राहते. त्यामुळे बिलावरचा दर महाग दिसला तरी फरक वाटतो तेवढा उरत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बेकरीत अजून ओव्हन तोच आहे. वहीत सोमवारच्या १०० किलोसमोर आता १५ लिटर आहेत आणि शनिवारच्या २०० किलोसमोर २५. चिमणीच्या काट्याचा आकडा पाचव्या रकान्यात आला आहे. जानेवारीतल्या त्या पहाटे कामगार तीनला येतो, दिवा लावतो, गोळ्यावर बोट दाबून पाहतो आणि चहा ठेवतो. बर्नरचं बटण पावणेचारला दाबलं जातं.